चार आकडे, तीन प्रयत्न

पिन विसरला तर काय होईल, या भीतीपोटी माणसं पिन लिहून ठेवतात. कुणी कार्डाच्या मागच्या पांढऱ्या पट्टीवर बॉलपेनने लिहितं, कुणी कार्डाच्या कागदी पाकिटावर, तर कुणी चिठ्ठी करून ती रबरबँडने कार्डालाच बांधून टाकतं. बँकेत नोकरीला होतो तेव्हा काउंटरवर हे रोज दिसायचं. आता ज्येष्ठ नागरिक संघांच्या सभांमध्ये बोलायला जातो, तिथेही पहिला प्रश्न हाच येतो, ‘पण साहेब, विसरलो तर?’ त्यामुळे कार्ड, चोर, फसवणूक हे सगळं बाजूला ठेवून मी आधी एवढंच सांगतो की, पिन विसरल्यावर नेमकं काय होतं.

फारसं काही होत नाही. मशीनमध्ये लागोपाठ तीन वेळा चुकीचा पिन पडला की साधारणपणे त्या दिवसापुरतं कार्ड चालेनासं होतं. बहुतेक बँकांमध्ये दुसऱ्या दिवशी ते आपोआप पुन्हा चालू होतं. खात्यातला एक रुपयाही इकडचा तिकडे होत नाही. पैशांची तातडी असेल तर पासबुक घेऊन आपल्या शाखेत जायचं, पैसे काढायची स्लिप भरायची, सही करायची. एटीएम येण्यापूर्वी आपण सगळे हेच करत होतो आणि ती सोय आजही आहे. नवा पिन हवा असेल तर आपल्याच बँकेच्या एटीएममध्ये कार्ड घालून पिन तयार करण्याचा पर्याय निवडायचा. बऱ्याच बँका त्याला ‘ग्रीन पिन’ म्हणतात, कारण पूर्वी टपालाने येणारं पिनचं बंद पाकीट आता लागत नाही. मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकला की नवा पिन ठरवता येतो. काही बँकांत हे काम फोनवरून किंवा मोबाइल ॲपमधूनही होतं.

यात अडचण येते ती एकाच ठिकाणी. बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर जुना असतो, बंद पडलेला असतो किंवा पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाचा असतो. मग ओटीपी भलतीकडेच जातो. म्हणून पिन पाठ करण्याच्याही आधी करायचं काम म्हणजे शाखेत जाऊन आपला स्वतःचा, रोज हातात असणारा नंबर खात्याला जोडून घेणं. तो जोडलेला असेल तर विसरलेला पिन अर्ध्या तासात नवा होतो. विसरण्याची एवढीच किंमत आहे. लिहून ठेवलेल्या पिनची किंमत मात्र खात्यात जेवढी शिल्लक आणि कार्डावर दिवसाला जेवढी मर्यादा, तेवढी असते. त्यातही चोर रात्री बारा वाजायच्या जरा आधी एकदा पैसे काढतो आणि बारा वाजून गेल्यावर पुन्हा काढतो, कारण तारीख बदलली की मर्यादाही नव्याने सुरू होते. सकाळी आपण उठेपर्यंत दोन दिवसांचे पैसे गेलेले असतात.

आता पिनची ताकद कशात आहे ते बघू. ०००० पासून ९९९९ पर्यंत चार आकड्यांचे दहा हजार पिन होतात. ऐकायला मोठी संख्या वाटली तरी संगणकाला दहा हजार प्रयत्न म्हणजे पापणी लवायच्या आतलं काम. म्हणजे आपलं रक्षण फक्त आकड्यांच्या संख्येने होत नाही. ते होतं मशीन तीनच संधी देतं म्हणून. हाती लागलेल्या कार्डाचा पिन चोराला अजिबात माहीत नसेल, तर त्याचं नशीब उघडण्याची शक्यता दहा हजारांत तीन. पिन निवडताना आणि सांभाळताना आपण जे जे करतो, त्या प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारावा की, यामुळे चोराच्या त्या तीन प्रयत्नांचं काम सोपं होतं का? कार्डामागे लिहिलेल्या पिनला तीन प्रयत्नही लागत नाहीत, पहिलाच पुरतो.

चार आकडेच का, याचीही एक हकिकत आहे. लंडनच्या एनफिल्ड भागात २७ जून १९६७ रोजी बार्कलेज बँकेने पैसे देणारं यंत्र बसवलं. ते ज्यांच्या कल्पनेतून आलं ते जॉन शेफर्ड-बॅरन जन्माने आपल्याकडचे, १९२५ साली शिलाँगला जन्मलेले. त्यांना सैन्यातला आपला सहा आकडी क्रमांक पाठ होता, त्यामुळे पिनही सहा आकडी असावा असं त्यांच्या मनात होतं. घरी पत्नी कॅरोलाइन यांना विचारलं, तर त्या म्हणाल्या की मला चारच आकडे लक्षात राहतील. शेफर्ड-बॅरन यांनी स्वतःच ही गोष्ट पुढे मुलाखतीत सांगितली. हे मी संघात मुद्दाम सांगतो. चार आकडे ठरले ते माणसाच्या स्मरणशक्तीचा अंदाज घेऊन. ते डोक्यात राहावेत हाच त्यामागचा हेतू होता.

आपण मात्र डोक्यात राहावेत म्हणून असे आकडे निवडतो, जे सगळ्यांच्याच डोक्यात असतात. निक बेरी नावाच्या अभ्यासकाने २०१२ मध्ये इंटरनेटवर फुटलेल्या पासवर्डांमधून चार आकडी असलेले सुमारे ३४ लाख वेगळे काढून मोजले. ते बँकेचे पिन नव्हते, पण माणूस चार आकडे कसे निवडतो हे त्यातून चांगलं कळतं. जवळजवळ ११ टक्के लोकांनी १२३४ निवडलं होतं. त्याखालोखाल ११११ हे ६ टक्के आणि ०००० हे सुमारे २ टक्के. म्हणजे चोराने काहीही न शोधता हे तीन आकडे दाबून पाहिले, तर पाचातल्या जवळजवळ एका माणसाचं कुलूप उघडेल. २५८० हाही आकडा त्या यादीत वर होता. तो का, हे कीपॅडकडे बघितलं की कळतं. मधल्या रांगेत वरून खाली सरळ बोट ओढलं की २५८० होतं. आपल्याला वाटतं ही आपलीच युक्ती, पण तीच हजारो जणांना सुचलेली असते. १९ ने सुरू होणारे आकडेही फार होते, कारण लोक जन्मसाल टाकतात.

जन्मतारखेचा धोका आपल्या महाराष्ट्रातल्या ज्येष्ठांना इतरांपेक्षा थोडा जास्त आहे, असं मला वाटतं. एसटीत ६५ वर्षांवरच्यांना अर्धं तिकीट आहे आणि २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. त्यासाठी वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड कायम बरोबर असतं, आणि ते असतं त्याच पाकिटात, एटीएम कार्डाच्या शेजारच्या कप्प्यात. समजा, स्टँडवरच्या गर्दीत पाकीट मारलं गेलं. चोराने ते उघडलं. आधारवर तारीख आहे १५ मे १९५२. त्याच्याकडे तीन प्रयत्न आहेत. पहिला १९५२, दुसरा १५०५, तिसरा ०५५२. माझी जन्मतारीख पिन आहे असं सांगणाऱ्या मंडळींना मी विचारतो की यातला कुठला तुमचा? बहुतेकांचा या तिनांतच असतो. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये याच प्रश्नाचा अभ्यास केला. त्यांचा अंदाज असा निघाला की जन्मतारीख असलेली पाकिटं हाती लागली, तर साधारण अकरा पाकिटांमागे एकाचा पिन चोर ओळखू शकतो. दहा हजारांत तीन कुठे आणि अकरात एक कुठे!

लग्नाची तारीख, नातवाची जन्मतारीख, मोबाइलचे शेवटचे चार आकडे, घराबाहेर उभ्या असलेल्या स्कूटरचा नंबर हे सगळे याच जातीचे. घरात कामाला येणारा माणूस, ओळखीचा रिक्षावाला, लांबचा पुतण्या यांना ते ठाऊक असतात. हे सांगायला जड जातं, पण वृद्धांचं कार्ड चोरणारा माणूस दर वेळी अनोळखीच असतो असं नाही.

मग आकडा आणायचा कुठून? मनाने निवडायचा म्हटलं की मन लगेच एखादी तारीख पुढे करतं. म्हणून आकडा मनाने निवडूच नये, चिठ्ठी काढावी. संघात यासाठी लागणारं साहित्य तयारच असतं, ते म्हणजे हाऊजीची पिशवी. तिच्यात १ ते ९० चे नंबर असतात. नंबर काढायचा आणि त्यातला फक्त एकं स्थानचा आकडा घ्यायचा. १ ते ९० मध्ये शेवटी ० असलेले नऊ नंबर आहेत, १ असलेले नऊ, २ असलेलेही नऊ, असे दहाही आकडे बरोबर नऊ-नऊ वेळा येतात, त्यामुळे प्रत्येक आकड्याला सारखीच संधी मिळते. एक काढला की तो पिशवीत परत टाकायचा, पिशवी हलवायची आणि पुढचा काढायचा, असं चार वेळा. एका सभेत नमुन्यादाखल काढले तेव्हा ६७, ४, ५० आणि ८३ आले. शेवटचे आकडे घेतले तर ७, ४, ०, ३. झाला पिन, ७४०३. अर्थात हा चारचौघांत काढलेला, त्यामुळे वापरायचा नाही. खरा पिन घरी, एकट्याने काढायचा. हाऊजी नसेल तर कागदाच्या दहा सारख्या चिठ्ठ्यांवर ० ते ९ लिहूनही हेच होतं. चुकून १२३४ किंवा आपलंच जन्मसाल निघालं, तर ते सोडून पुन्हा काढावं.

‘हा तर अजिबात लक्षात राहणार नाही,’ असं लगेच कुणीतरी म्हणतं. त्या सभेतही म्हणालं. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका आजींनी उत्तर दिलं, ‘का नाही राहणार? चौऱ्याहत्तर साली रेल्वेचा संप झाला, तेव्हा आमच्या घरात शून्य रुपये आणि तीन मुलं होती.’ चौऱ्याहत्तर, शून्य, तीन. सगळ्या सभागृहाला तो आकडा पाठ झाला. यातला क्रम महत्त्वाचा आहे. आधी चिठ्ठीने आकडा, मग त्या आकड्याभोवती गोष्ट. उलटं केलं, म्हणजे आधी आयुष्यातली गोष्ट घेऊन तिचा आकडा केला, तर आपण पुन्हा तारखांकडेच जातो. आणि ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, कितीही छान जमली असली तरी.

पाठ होण्यासाठी आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे वापर. पिन बदलला त्याच दिवशी त्या मशीनवर एकदा शिल्लक बघावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघावी, मग तीन-चार दिवसांनी आणि नंतर आठवड्याने. आपल्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार मोफत असतात, तेवढ्यात हे बसतं. लोक काय करतात, तर पिन बदलून कार्ड कपाटात ठेवतात आणि दोन महिन्यांनी काढतात. तेव्हा तो आठवत नाही हा वयाचा दोष नाही. तिशीतल्या माणसालाही तो आठवणार नाही. पाच-सहा वेळा स्वतःच्या हाताने दाबला की बोटांनाच त्या जागा ठाऊक होतात.

कार्डांची संख्या कमी करणं हाही उपायच आहे. निवृत्तीनंतर अनेकांकडे पेन्शनचं एक, जुन्या पगाराच्या खात्याचं एक, पतीपत्नीच्या संयुक्त खात्याचं एक अशी तीन-तीन कार्डं असतात आणि त्यातली दोन कधी वापरलीही जात नाहीत. ती बँकेला सांगून बंद करावीत. एका कार्डाचा एक पिन कुणालाही जमतो.

तरीही काहींना खरंच लक्षात राहत नाही. आजारपण असतं, औषधांचा परिणाम असतो. अशा माणसांना ‘लिहू नका’ एवढंच सांगून मोकळं होणं मला पटत नाही. त्यांच्यासाठी मी एक पद्धत सांगतो, जी गणिताच्या पाटीवर शिकलेल्या आपल्या पिढीला सहज जमते. एक गुप्त आकडा मनात ठरवायचा, जो आयुष्यभर विसरणार नाही. समजा, पहिल्या नोकरीचं साल, १९६५. आता पिनमध्ये तो मिळवायचा, पण हातचा घ्यायचा नाही, प्रत्येक घर वेगळं. ७ आणि १ मिळून ८. ४ आणि ९ मिळून १३, त्यातले फक्त ३ लिहायचे. ० आणि ६ मिळून ६. ३ आणि ५ मिळून ८. कागदावर आलं ८३६८. हा आकडा घरातल्या डायरीत लिहून ठेवला तरी चालेल. परत काढताना उलट करायचं. ८ मधून १ गेला, ७. ३ मधून ९ जात नाहीत म्हणून १३ मधून काढायचे, ४. ६ मधून ६ गेले, ०. ८ मधून ५ गेले, ३. आला ७४०३.

डायरी कुणाच्या हाती पडली तरी त्याच्यासाठी तो निव्वळ आकडा असतो. तो मशीनमध्ये टाकून बघितला तर चुकतो आणि तीनातला एक प्रयत्न वाया जातो. मात्र दोन पथ्यं पाळावीत. ती डायरी घराबाहेर जाऊ द्यायची नाही, आणि त्या आकड्याशेजारी ‘एटीएम’ किंवा बँकेचं नाव लिहायचं नाही. मोबाइलमध्ये ‘एटीएम काका’ किंवा ‘बँक मावशी’ या नावाने फोन नंबर असल्यासारखा पिन साठवण्याची पद्धत फार लोकप्रिय आहे. ती सोडून द्यावी. फोन चोरणारा पहिल्यांदा तीच नावं शोधतो.

कार्डाच्या मागे एकच गोष्ट लिहायची असते, ती म्हणजे आपली सही. ती पट्टी त्यासाठीच असते, आणि सहीचा एक चांगला उपयोगही आहे. एटीएममध्ये मदतीच्या बहाण्याने कार्डाची अदलाबदल करणारे भामटे आपल्याकडे बरेच पकडले गेले आहेत. त्यांची रीत ठरलेली असते. मशीन अडल्यासारखं झालं की मागे उभा असलेला तरुण म्हणतो, ‘काका, द्या मी करून देतो.’ कार्ड त्याच्या हातात जातं, पिन आपण त्याच्यासमोरच दाबतो किंवा त्याला सांगतो. व्यवहार होत नाही, आणि तो जे कार्ड परत देतो ते त्याच बँकेचं, त्याच रंगाचं, पण दुसऱ्याचं असतं. हे लक्षात येतं ते दोन-तीन दिवसांनी, तोवर खातं रिकामं झालेलं असतं. म्हणून मशीनमधून बाहेर आलेलं कार्ड खिशात घालण्यापूर्वी उलटं करून सही बघायची आणि पुढचं नाव वाचायचं. कुणी कार्ड हातात घ्यायला आलं तर सरळ ‘रद्द’चं बटण दाबून बाहेर यावं, दुसऱ्या दिवशी शाखेत जावं. एका हाताने कीपॅड झाकून दुसऱ्या हाताने पिन दाबायची सवय लावून घ्यावी. कुणीही जवळ नसलं तरी, कारण वर चिकटवलेला छोटा कॅमेरा आपल्याला दिसत नाही.

घरच्यांना पिन सांगावा का, हा प्रश्न सभेत सगळ्यात जास्त वेळ घेतो. सांगू नये, असं माझं मत आहे, आणि त्याला एका निकालाचा आधार आहे. बंगळुरूमध्ये २०१३ साली एका बाळंतिणीने पतीला कार्ड आणि पिन देऊन २५ हजार रुपये काढायला पाठवलं. पावती आली, पण मशीनमधून पैसे आले नाहीत. ती बँकेशी भांडली. कॅमेऱ्यात पैसे मिळालेले दिसत नव्हते हे खरं, पण मशीनसमोर खातेदारही दिसत नव्हती. ग्राहक मंचात प्रकरण काही वर्षं चाललं आणि २०१८ मध्ये निकाल तिच्या विरुद्ध गेला. पिन दुसऱ्याला सांगायचा नाही ही बँकेची अट तिने मोडली, असं मंचाने धरलं. पतीला सेल्फ चेक किंवा अधिकारपत्र द्यायला हवं होतं. नवरा-बायकोमध्ये हे घडतं, तर भाच्याला, केअरटेकरला, सोसायटीच्या वॉचमनला पाठवल्यावर बँकेकडून कसली अपेक्षा ठेवणार? स्वतःला जाणं जमत नसेल तर मुलाचं किंवा मुलीचं नाव खात्यावर घालून त्यांच्या नावाचं वेगळं कार्ड घ्यावं, किंवा चेक द्यावा. सत्तरीपुढच्या नागरिकांना घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे, तिचीही शाखेत चौकशी करावी.

पिन लिहिलेलं कार्ड चोरीला गेलं तर पैसे परत मिळतात का? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात याची विभागणी आहे. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा फसवणुकीत तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच भार पडत नाही. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचंच. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. पिन लिहिलेला होता हे बँकेला कसं कळणार, असं काही जणांना वाटतं. बँकेच्या नोंदीत प्रत्येक प्रयत्न असतो. हरवलेल्या कार्डावर अनोळखी माणसाने पहिल्याच फटक्यात बरोबर पिन टाकला, असं त्या नोंदीत दिसलं की पुढचा प्रश्न विचारावाच लागत नाही.

त्यामुळे कार्ड हरवलं की घर धुंडाळत बसायचं नाही, आधी बंद करायचं. बँकेचा चोवीस तासांचा नंबर कार्डाच्या मागेच छापलेला असतो, आणि हरवतं तेव्हा नेमका तोच आपल्याजवळ नसतो. तो आजच मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळच्या भिंतीवर लावून ठेवावा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावं. कार्डावर चार कमानींची खूण असेल, तर दुकानात ते नुसतं टेकवून ५,००० रुपयांपर्यंतची खरेदी पिनशिवाय होते, २०२१ पासून ही मर्यादा लागू आहे. तिथे उत्तमातला उत्तम पिनही उपयोगाचा नाही. ही सोय वापरत नसाल तर शाखेत सांगून किंवा ॲपमधून बंद करून घ्या, आणि रोजची पैसे काढायची मर्यादाही आपल्या गरजेएवढी खाली आणा.

मोबाइलवरून पैसे पाठवणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. फोन उघडायचा आकडा आणि यूपीआयचा पिन एकच ठेवू नये. फोन आपण दिवसातून कितीतरी वेळा लोकांसमोर उघडतो, तो आकडा शेजाऱ्याच्याही नजरेत बसतो. आणि यूपीआयचा पिन लागतो तो पैसे देताना. पैसे मिळण्यासाठी तो कधीच टाकावा लागत नाही. ‘पैसे पाठवलेत, घ्यायला पिन टाका,’ असं कुणी म्हणालं की फोन बंद करावा.

व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरणारा एक मजकूर आहे. चोराने धमकावलं तर पिन उलटा टाका, पोलिसांना आपोआप खबर जाते. हे खोटं आहे. अशा कल्पनेचं पेटंट अमेरिकेत १९९८ मध्ये घेतलं गेलं होतं, पण ती बँकांच्या यंत्रांमध्ये आलीच नाही. आणि २५५२ असा पिन असेल तर उलटा केला तरी तोच राहील. धमकी देणारा समोर असताना अशा भरवशावर राहणं जिवावर बेतू शकतं. अशा वेळी पैसे देऊन टाकावेत आणि सुटल्यावर पहिला फोन करावा. व्यवहाराआधी दोनदा ‘कॅन्सल’ दाबलं की पिन चोरता येत नाही, हा निरोपही तितकाच खोटा आहे.

हे वाचून तुम्ही कार्ड काढून बघाल, आणि मागे पिन लिहिलेला दिसला तर तो खोडायला पेन किंवा खोडरबर घ्याल. तेवढ्याने भागत नाही. बॉलपेनचा ठसा प्लॅस्टिकवर उरतो, आणि तो आकडा आजवर कुणी कुणी वाचला हे तुम्हाला सांगता येणार नाही. तो पिन गेला असंच समजा. या आठवड्यात बँकेत जाऊन पिन बदला, आणि पट्टीवर लिहिलेलं नीट पुसलं जात नसेल तर कार्डही नवं मागून घ्या.